जुनी केलेली गादी

काकतीच्या अंबुबाईला बेळगावात सगळे 'पाळणेवाली' म्हणायचे. तिनं पाळणा असा फार विकलाच नाही. ती विकायची ते साहेबलोकांच्या पोरांचे कठड्याचे लोखंडी पलंग, बाबागाड्या, झबली, लोकरीची टोपडी. कॅम्पातली पलटण हलली की साहेबांच्या बंगल्यापुढं लिलाव व्हायचा. खुर्च्या, आरसे, घोड्याचं खोगीर, सगळं गवतावर मांडलेलं असायचं. मोठे व्यापारी त्या सामानाभोवती गर्दी करायचे. अंबुबाई मात्र पदर खोचून सरळ पोराच्या खोलीतल्या सामानाकडं जायची.

तिथं तिचं बघणं सुरू व्हायचं. पलंगाच्या दोन गजांतून मूठ घालून बघायची. मूठ सहज पलीकडं गेली तर तो पलंग तिनं घेतलाच नाही म्हणून समजा. पोराचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं, हे तिनं साहेबाच्या घरी आया असताना डोळ्यांनी बघितलं होतं. वरखाली होणारा कठडा दहादा खालीवर करून खिट्टी आपणहून सुटते का ते बघायची. रंगाचे पापुद्रे उडाले असतील तर घरी नेऊन सगळा रंग खरवडून काढायची. दात येताना पोरगं कठडाच चावतं, रंग पोटात जातो. बाबागाडी उतारावर उभी करून चाकाचा अडसर दाबून हात सोडायची. गाडी जागची हलली तर अडसर कामाचा नाही. गाडीतला चामड्याचा पट्टा मात्र ती बघायचीसुद्धा नाही. कापून फेकायची आणि मोच्याकडून नवा बसवून घ्यायची. चामडं वरनं धड दिसतं, आतनं कुजलेलं असतं. पोरगं पुढं झुकलं की तटकन तुटतं.

कपड्यांचं तिला काहीच वाटत नसे. धुण्याचा सोडा घालून रटरट उकळायचे, खडखडीत उन्हात वाळवायचे, लोंबणारी नाडी आणि सैल गुंडी काढून टाकायची. जुनं झबलं नव्यापेक्षा मऊ असतं.

पण दोन वस्तू तिनं कधी जुन्या विकल्या नाहीत. एक गादी आणि दुसरी दुधाच्या बाटलीची रबरी बोंडी. लिलावात पलंगाबरोबर गादी आली तर ती दारामागच्या खड्ड्यात जाळायची. शेजारची जयगौडाची सून एकदा म्हणाली, "अगं मावशी, एवढी चांगली गादी. मला तरी दे की."

"शेणी कमी पडल्या तर माग. ही न्हाय मिळायची."

"का गं?"

"कुणाचं पोर हिच्यावर आजारी पडलंतं तुला ठावं हाय? लोखंड धुता येतंय, कापूस धुता येत न्हाय."

हे ती सांगायची. बोंडीचं मात्र कारण सांगायची नाही. बोंडी नवी घ्या, एवढंच.

कारण हिंडलग्याला होतं. अंबुबाईची एकुलती लेक नागू तिकडं दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, मुलगी झाली, आणि दहाव्या दिवशी नागूला ताप भरून दूध गेलं. अंबुबाई त्या वेळी एका साहेबाच्या घरी आया होती. मडमेनं टाकून दिलेली दुधाची बाटली तिनं घरी आणली. चपट्या काचेची, लांब रबरी नळी असलेली. नळीचं टोक पोरीच्या तोंडात दिलं की पोरगी आपलं आपण चोखत पडायची. अंबुबाईनं बाटली राखेनं घासली, गरम पाण्यानं विसळली, नळीतनं पाणी सोडलं. तिला वाटलं, साहेबाच्या घरची वस्तू, हिच्यासारखी दुसरी नाही. पंधरा दिवसांत पोरगी हगवणीनं गेली. दवाखान्यातल्या नर्सबाईनं बाटली मागून घेतली आणि कात्रीनं ती नळी उभी चिरली. आत हिरवट, बुळबुळीत थर होता. त्याचा वास आला. नर्सबाईंनी ते रबर अंबुबाईच्या डोळ्यांसमोर धरलं.

नागूला हे कळलं नाही. अंबुबाईनं सांगितलंच नाही. नागू हिंडलग्याला परत गेली. मग अंबुबाईनं मडमेचं काम सोडलं आणि हा धंदा धरला.

एकेचाळीस सालच्या पावसाळ्यानंतर तिच्या दारात दोन बायका आल्या. कचेरीत कारकून असलेल्या रघुवीररावांची आई जयाबाई आणि बायको विनोदिनी. गावातलं जुनं घराणं. विनोदिनीला सातवा महिना होता. तिची आधीची दोन्ही मुलं वर्षाच्या आत गेली होती, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

जयाबाई पायरीवर टेकल्या. "अंबुबाई, आम्हाला सगळं लागणार. पलंग, गाडी, कपडे. पण एक सांगते, यातलं काहीही नवं नको. मी देवीला बोलले आहे. हे पोर पाच वर्षांचं होईस्तवर त्याच्या अंगाला नव्याचा स्पर्श होणार नाही. सगळं मागून आणलेलं. नाव पण भिकू ठेवायचं."

ही रीत अंबुबाईला नवी नव्हती. मागची पोरं जगली नाहीत की पुढच्याला जुनेर नेसवतात, म्हणजे मरणाला वाटतं हे कुणाचं तरी टाकलेलं पोर आहे. तिच्या आजीनंही असंच केलं होतं.

"झबली देतो की जयाक्का. जितीजागती पोरं असलेल्या घरातली निवडून देतो. पलंग पण हाय. गादी तेवढी नवी करून घ्या."

"नवी नको म्हटलं ना."

"आक्का, गादी—"

"मागच्या दोघांना सगळं नवं आणलं होतं. पुण्याहून. रेशमी दुपटी, भरतकाम केलेली गादी. काय झालं?" जयाबाईंचा आवाज चढला नाही, पण हात लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिला. "आता गादीही जुनी आणि बाटलीही जुनी. हिला दूध टिकत नाही. दोन्ही वेळा टिकलं नाही."

"बाटली जुनी चालंल, काच उकळून निघती. बोंडी…"

"बोंडीपण. तुझ्याकडे नसेल तर दुसरीकडे बघते."

अंबुबाईनं विनोदिनीकडं बघितलं. ती मान खाली घालून एका लोकरीच्या टोपड्याचा गोंडा बोटावर गुंडाळत होती. दुसरीकडं गेल्या तर काय आणतील, हे अंबुबाईला दिसत होतं. कुणाच्या तरी माळ्यावरची मुतानं पिवळी पडलेली गादी, कुणाच्या तरी फडताळातलं चिकट झालेलं रबर.

"असूदे," ती म्हणाली. "सगळं जुनं देतो. आठ दिवसांनी माणूस धाडा."

आयुष्यभर लोकांना जुनी वस्तू चकाचक करून विकणारी ही बाई त्या आठ दिवसांत नवी वस्तू जुनी करायला बसली. पिंजाऱ्याकडून ताजा कापूस पिंजून आणला. पलंगाचं माप घेतलं, कडेला बोटभरसुद्धा फट राहायला नको, पोराचं तोंड त्यात रुततं. कापूस दाबून दाबून भरला, गादी घट्ट केली, कारण मऊ गादीत पोर बुडतं. वरची खोळ मात्र तिनं जुन्या धोतराची शिवली. आधी ते धोतर तीनदा उकळलं, मग चहाच्या पाण्यात बुडवून काढलं, दोन ठिकाणी ठिगळ लावलं. ठिगळ लावताना तिला हसू आलं. चांगल्या कापडाला भोक पाडून ठिगळ लावणारी बेळगावात ती एकटीच असेल.

बोंडी कॅम्पातल्या औषधाच्या दुकानातनं आणली. तांबूस, कोरी करकरीत. ती पण चहात उकळली. काळपट झाली.

"कुणाच्या घरची?" जयाबाईंनी विचारलं.

"काकतीच्या भावकू पाटलाच्या घरची. आठ पोरं हाईत, एक पण गेल्यालं न्हाय."

जयाबाईंनी बोंडी कपाळाला लावली.

पौषात मुलगा झाला. भिकू. नाक टोचलं, जुनेरात गुंडाळलं, ठिगळाच्या गादीवर निजवलं. अंबुबाई दर पंधरा-वीस दिवसांनी जायची. रबर चिकट व्हायच्या आत, भेगा पडायच्या आत बोंडी बदलायला हवी, म्हणून ती दर वेळी पदरात एक चहात उकळलेली बोंडी घेऊन जायची आणि सांगायची, "ही भावकूच्या पुतणीकडची हाय, ती पण लेकुरवाळी. एकाच घरचं किती दिवस वापरायचं? घरं बदलली की पोराला आशीर्वाद जास्त लागतात."

"किती घरं गं तुझी!" विनोदिनी एकदा म्हणाली आणि हसली. त्या घरात ती हसलेली अंबुबाईनं तेवढी एकदाच बघितली.

"काकतीत पोरांची काय कमी हाय व्हय वैनी? एकेका अंगणात कोंबड्यांपरास पोरंच जास्त."

भिकू बाळसं धरायला लागला. चौथ्या महिन्यात कठड्याचा गज धरून ओरडायचा. जयाबाई त्याला बाबागाडीत घालून मारुतीच्या देवळापर्यंत न्यायच्या आणि वाटेत कुणी 'काय गोंडस पोर' म्हटलं की लगेच सांगायच्या, "अहो कसलं गोंडस, मागून आणलंय." त्यांचा चेहरा मात्र लपायचा नाही. अंबुबाईला वाटायचं, सांगून टाकावं. पण सांगितलं की गादी जाणार, बोंडी जाणार. पोरगं मोठं होऊदे, दात येऊदेत, भात खाऊ दे. मग सांगू.

जपान्यांनी मलाया घेतला ते कुणी तरी पेपर वाचून सांगितलं होतं, पण अंबुबाईला मलाया कुठं आहे याच्याशी काय करायचं? आषाढात औषधाच्या दुकानातल्या कंपौंडरनं तिला सांगितलं, "मावशी, आता बोंड्या नाहीत. रबर तिकडनंच यायचं. सगळं लढाईला जातंय. आम्हालाच मिळत नाही."

"एक तरी?"

"एक पण नाही."

तिनं मिरजेला निरोप धाडून बघितला, निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या ओळखीनं कोल्हापुरात विचारलं. नाही. मग ती रघुवीररावांच्या घरी गेली. "जयाक्का, आता बोंडी सोडा. चोचीच्या बोंडल्यानं पाजा, न्हायतर वाटी-चमच्यानं. चांदीचं बोंडलं उकळून घ्यायचं, आतनं बोट घालून पुसायचं. ही बोंडी फेकून द्या, जुनी झाली."

"जुनी तर पहिल्यापासूनच आहे." जयाबाई हसल्या. "बोंडल्यानं तो पीत नाही गं, नाकातनं काढतो. रडून रडून निळा होतो."

"दोन दिस रडंल. मग पिईल."

"का पण? तुझ्या भावकूची पुतणी संपली काय?"

आता तरी सांगायला हवं होतं. अंबुबाईच्या जिभेवर आलं होतं. पण आत पलंगात भिकू खिदळत होता, विनोदिनी त्याला खुळखुळा दाखवत होती, आणि इतक्या महिन्यांचं खोटं एका वाक्यात कसं उलगडायचं ते तिला सुचलं नाही. "संपली," ती म्हणाली. "बोंडल्यानं पाजा."

त्याच आठवड्यात काकतीला तिचा भाऊ आण्णाप्पा आजारी पडल्याचा सांगावा आला. ती गेली. बारा दिवस राहिली.

परत आली तेव्हा भिकू जाऊन तीन दिवस झाले होते.

गल्लीच्या तोंडाशीच तिला कळलं. पोराला हगवण लागली, चार दिवस टिकलं. तिनं विचारलं नाही कशानं. सरळ त्यांच्या घरी गेली. परसात पलंग काढून ठेवला होता. बाबागाडी भिंतीला टेकवलेली. जयाबाई न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि पुढं गादी पडली होती. गेलेल्या पोराची गादी फाडून जाळायची म्हणून विनोदिनीनं विळीनं खोळ उसवली होती. आतनं पांढराशुभ्र कापूस बाहेर आला होता.

जुना कापूस पिवळा असतो, त्याच्या गुठळ्या होतात. हे बायकांना सांगावं लागत नाही.

"अंबुबाई," जयाबाई म्हणाल्या. "ही नवी होती."

"व्हय."

"मी तुला काय सांगितलं होतं? देवीला बोललेलं तुला सांगितलं होतं ना मी? तू नव्या गादीवर निजवलंस त्याला. माझ्या पोराला."

अंबुबाईची नजर कोनाड्यात गेली. तिथं बाटली होती. बोंडी तिनं दिलेली नव्हती. काळी, जाड, टोकाशी भेग पडलेली, आत दुधाची साय सुकलेली.

जयाबाईंनी तिच्या नजरेमागं बघितलं. "ती वैद्यांच्या घरची. अकरा मुलं वाढली तिच्यावर. मी स्वतः मागून आणली, पदर पसरून. ती तरी खरी जुनी होती. तुझ्या गादीनं घात केला."

एक वाक्य होतं अंबुबाईकडं. ती बोंडी उचलून कात्रीनं उभी चिरली असती, आतलं दाखवलं असतं, की झालं. तिच्यावरचा आळ गेला असता. पण आळ गेला असता तो कुणावर, हे तिला माहीत होतं. पदर पसरून मागून आणलेली वस्तू नातवाच्या तोंडात देणारी आजी. ती आजी कशी जगते, ते अंबुबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

"चुकलं माझं जयाक्का," ती म्हणाली. "ती नवी हुती. हाव सुटली. पिंजाऱ्याकडची सस्तात मिळाली."

विनोदिनीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"जा," जयाबाई म्हणाल्या. "हे सगळं घेऊन जा. माझ्या दारात परत दिसू नकोस."

अंबुबाईनं कोनाड्यातली बाटलीही न विचारता उचलली, पलंग डोक्यावर घेतला आणि निघाली. बोंडी तिनं चुलीत टाकली. रबर जळताना जो वास आला, त्यानं जयगौडाची सून नाकाला पदर लावून बाहेर आली.

गावात बोभाटा झाला. पाळणेवाली नव्याला जुनं म्हणून विकते, नवस मोडते. गावातलं गिऱ्हाईक तुटलं. निपाणी, चिकोडीकडचे लोक यायचे तेवढ्यावर ती भागवायची. आता ती सगळ्यांना कारणासकट सांगायची, बोंडी उभी चिरून दाखवायची. काही ऐकायचे, काही हसायचे. नवी बोंडी मिळतच नसे, तेव्हा ती बोंडलं देऊन पाठवायची. तो पलंग मात्र तिनं विकला नाही. ज्या पलंगात पोर गेलं तो विकायचा नाही, हा तिचाही नेम होता. छपराखाली तो पडून राहिला. कोंबड्यांनी त्यात अंडी घातली. आडवा गज गंजला.

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात विनोदिनी एकटीच आली. पोट पुढं आलं होतं. पायरीवर न बसता ती छपरात गेली आणि त्या पलंगापुढं उभी राहिली.

"सासूबाईंना माहीत नाही मी आले ते. अंबुबाई, त्या रबरात काय होतं?"

"कसलं रबर वैनी?"

"तू गादीबद्दल खोटं बोललीस. हाव सुटलेली बाई ठिगळं लावत बसत नाही. आणि बाटली तू न विचारता नेलीस. मी बघत होते."

अंबुबाई पाट घेऊन खाली बसली. विनोदिनीलाही बस म्हणाली. मग तिनं सांगितलं. मडमेची बाटली, लांब नळी, कात्री, हिरवा थर. नागूची पोरगी. चहात उकळलेल्या बोंड्या. भावकू पाटलाची पुतणी नावाची कुणी बाईच नव्हती, हेही सांगितलं.

"तेव्हा का नाही बोललीस? पहिल्याच दिवशी?"

"तुम्ही निघून गेला असता. दुसरीकडनं आणलं असतं."

"मग आषाढात?"

अंबुबाई पलंगाचा गंजलेला गज नखानं खरवडायला लागली. विनोदिनी रडली नाही. गजावरचं कोंबडीचं पीस तिनं काढलं आणि खाली टाकलं.

"मला हाच पलंग पाहिजे."

"ह्यो नको वैनी. ह्यात…"

"लोखंड धुता येतं. तूच सगळ्यांना सांगतेस. पलंगानं काय केलं होतं?"

इतकी वर्षं लोकांना जे सांगत आली, ते अंबुबाईला दुसऱ्याकडनं ऐकावं लागलं.

"गादी नवी शीव," विनोदिनी म्हणाली. "पांढऱ्या खोळीची. ठिगळ नको. मी सासूबाईंना सांगेन, नवी आहे म्हणून. काय बोलायचं ते बोलू देत. आणि बोंडलं मी उकळीन, कुणाला हात लावू देणार नाही."

"बोंडीचं मात्र जयाक्कास्नी सांगू नका."

"का? तुला दोन वर्षं शिव्या देतायत त्या."

"दिऊंद्यात. शिव्या दिऊन झोप लागत असंल त्यास्नी."

विनोदिनीनं विचारलं, "आणि नागूला? तिला सांगितलंस कधी?"

"न्हाय."

"तिला झोप लागते?"

अंबुबाईनं चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं चढवलं आणि सोडा काढला. कोंबड्या हुसकावल्या, पलंग उन्हात ओढला. दोघी मिळून घासायला लागल्या, एक आतनं, एक बाहेरनं. गंज निघाला, जुन्या रंगाचा उरलासुरला पापुद्रा निघाला, खालचं लोखंड काळंशार दिसायला लागलं. पोट आड येत होतं म्हणून विनोदिनी गुडघ्यावर बसली. भिकू जो गज धरून ओरडायचा तो तिच्या वाट्याला आला होता. तो तिनं सगळ्यात शेवटी घासला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. अंबुबाई सकाळीच दाराला कडी लावून निघाली. जयगौडाच्या सुनेनं विचारलं, "लिलावाला व्हय मावशी?"

"न्हाय. हिंडलग्याला," ती म्हणाली, आणि चालायला लागली.